बारा आकड्यांची तक्रार

११ जून २०२५, बुधवार. लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारगावच्या कृषी सेवा केंद्रात पेरणीच्या दिवसांतली नेहमीची गर्दी होती. माझ्या मेव्हण्यांनी सोयाबीन बियाण्याच्या दोन पिशव्या आणि डीएपीची एक गोणी घेतली. बिल झाले ७,३५० रुपये. काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्यांनी रक्कम टाकली, पिन टाकला, आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. थोड्या वेळाने बँकेचा एसएमएस आला: खात्यातून ७,३५० रुपये वजा. दुकानदाराचा स्पीकर मात्र गप्प होता.

“दादा, माझ्याकडं काहीच आलं नाही,” दुकानदार म्हणाला.

“माझे तर कट झालेत की!”

मागे रांग होती आणि दोघेही खरे बोलत होते. शेवटी ओळखीच्या एका माणसाकडून रोख रक्कम उसनी घेऊन मेव्हण्यांनी बिल भागवले आणि संध्याकाळी मला फोन केला. मी बँकेच्या नोकरीत बराच काळ ताळमेळ विभागात होतो. दोन बँकांच्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि कुठली रक्कम कुठे अडकली ते शोधायचे, हे आमचे रोजचे काम. त्यामुळे अशा वेळी नातेवाइकांचे फोन मला येतातच. प्रत्येक फोनमध्ये पहिला प्रश्न तोच असतो, “पैसे गेले का?” मला मात्र आधी दुसरेच काही विचारावे लागते: “नंबर लिहून घेतलाय का?”

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्यातले अगदी थोडे अडकतात, पण एवढ्या मोठ्या संख्येतले थोडे म्हणजेही पुष्कळ माणसे. त्यांतली बहुतेक बँकेच्या चॅटवर जाऊन लिहितात, “माझे पैसे कट झाले, परत करा.” आणि मग तक्रार नेमकी नोंदलीच जात नाही. समोरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तुमची अडचण दिसत नसते, व्यवहारांची यादी दिसत असते. त्या यादीतली तुमची एक ओळ त्याला सापडली, तरच पुढचे काम सुरू होते. ती सापडेल असे करणे हा तक्रारीचा पहिला हेतू.

पैसे मधल्या मध्ये कुठे असतात

यूपीआय चालवते भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, म्हणजे एनपीसीआय. आपण पिन टाकला की अ‍ॅपची विनंती एनपीसीआयकडे जाते. तिथून आपल्या बँकेला सांगणे जाते की या खात्यातून एवढे वजा करा. आपली बँक वजा करून तसे कळवते. मग एनपीसीआय समोरच्या बँकेला सांगते की त्या खात्यात एवढे जमा करा. ती जमा करून होकार देते, तो होकार उलट वाटेने आपल्या अ‍ॅपपर्यंत येतो आणि हिरवी खूण उमटते. हे सगळे काही सेकंदांत होते.

अडकण्याच्या जागा या साखळीतच आहेत. आपल्या बँकेने वजाच केले नाही, तर व्यवहार फसतो पण पैसे जात नाहीत. तिथे तक्रारीचे कारण नसते. आपल्या बँकेने वजा केले आणि समोरच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ ते खातेच बंद आहे, तर एनपीसीआय आपल्या बँकेला रक्कम उलटवायला सांगते आणि बहुतेक वेळा ती काही मिनिटांत परत दिसते.

खरी पंचाईत तिसऱ्या प्रकारात होते. आपल्या बँकेने वजा केले, समोरच्या बँकेला जमा करण्याचा निरोप गेला, पण तिच्याकडून ठरलेल्या वेळेत ना होकार आला ना नकार. तिने जमा केले असेल आणि उत्तर वाटेत अडकले असेल, किंवा निरोप पोचूनही जमा झालेच नसेल. एनपीसीआयला त्या क्षणी हे कळायला मार्ग नसतो. घाईने रक्कम उलटवली आणि तिकडे आधीच जमा झालेली असली, तर एकच रक्कम दोघांना मिळेल. म्हणून असा व्यवहार झाला असे धरून चालतात आणि दोन बँकांच्या आपसातल्या हिशेबात ती रक्कम समोरच्या बँकेकडे जाते. तिने मग आपल्या नोंदी तपासायच्या आणि एक तर ग्राहकाच्या खात्यात जमा करायची, नाही तर परत पाठवायची. या मधल्या काळात आपले पैसे हरवलेले नसतात. ते समोरच्या बँकेच्या ताळमेळात, कुणाच्याही खात्यावर न चढलेली रक्कम म्हणून पडलेले असतात.

मेव्हण्यांचा व्यवहार या तिसऱ्या प्रकारातला होता. त्यांच्या अ‍ॅपमध्ये तो दुसऱ्या दिवशीही ‘प्रक्रियेत’ असाच दिसत होता. सर्वत्रच यंत्रणा अडखळते त्या दिवशी अशी प्रकरणे झुंडीने होतात. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन्ही दिवशी देशभर यूपीआय काही काळ विस्कळीत झाले होते. पण एखाद्या साध्या बुधवारीही एकट्या बँकेचा सर्व्हर मंदावला की हेच घडते.

यातून दुकानातच करायची एक गोष्ट निघते. अडकलेली रक्कम उशिरा दुकानदाराच्या खात्यातही जमा होऊ शकते. म्हणून दुसऱ्या मार्गाने पैसे दिले तर बिलावर तसे लिहून घ्यावे: “यूपीआयची रक्कम जमा नाही, ७,३५० रोख मिळाले.” खाली दुकानाचा शिक्का आणि तारीख. मेव्हण्यांनी हे दुसऱ्या दिवशी जाऊन लिहून घेतले आणि दुकानदारानेही खळखळ केली नाही. लगेच पुन्हा त्याच कोडवर यूपीआय करणे मात्र टाळावे. पहिला व्यवहार नंतर पूर्ण झाला तर दोनदा पैसे गेल्याचे नवेच प्रकरण उभे राहते.

कुठला नंबर?

यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. बँकेच्या भाषेत त्याला आरआरएन म्हणतात. अ‍ॅपमध्ये तो कुठे ‘UPI Ref No’, कुठे ‘UTR’, तर कुठे ‘UPI transaction ID’ या नावाने दिसतो. स्पीड पोस्टच्या पावतीवरच्या क्रमांकासारखे त्याचे काम आहे. आपली बँक, एनपीसीआय आणि समोरची बँक, तिघांच्याही नोंदीत हाच क्रमांक असतो.

घोटाळा होतो तो अ‍ॅपच्या स्वतःच्या क्रमांकामुळे. अनेक अ‍ॅप आपल्या सोयीसाठी व्यवहाराला वेगळा, लांबलचक, अक्षरे आणि आकडे मिसळलेला क्रमांक देतात आणि पडद्यावर तोच ठळक असतो. लोक तो बँकेला पाठवतात. बँकेच्या प्रणालीत तो क्रमांक नसतोच, मग उत्तर येते, “असा व्यवहार आढळला नाही.” ग्राहकाला वाटते बँक हात झटकते आहे. बँकेला खरोखरच काही सापडलेले नसते.

योग्य क्रमांक ओळखण्याची एक खूण आहे. बहुतेक व्यवहारांत या बारा आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. मेव्हण्यांच्या क्रमांकाची सुरुवात ५१६२ अशी होती. ५ म्हणजे २०२५ आणि १६२ वा दिवस म्हणजे ११ जून. सगळीच अ‍ॅप ही पद्धत पाळतील असे नाही, पण जुळली तर आपण योग्य दिवसाचा, योग्य क्रमांक उचलला याची खात्री होते. अ‍ॅपमध्ये सापडत नसेल तर बँकेचा एसएमएस पाहावा, नाही तर खात्याचा उतारा. उताऱ्यात ओळ साधारण अशी दिसते. इथला क्रमांक अर्थात नमुन्याचा आहे.

```
11/06/2025  UPI/DR/516216384027/KRUSHI SEVA  7350.00
```

यातले `DR` म्हणजे नावे, पैसे गेले. रक्कम परत आली की तशीच जमेची ओळ येते, `CR` किंवा उलटवल्याच्या खुणेसह.

क्रमांकाबरोबर तारीख आणि रक्कम का लागते? एक तर बारा आकडे हाताने लिहिताना एखादा चुकतो, आणि तारीख व रक्कम असली की कर्मचारी तरीही ओळ शोधू शकतो. दुसरे म्हणजे रात्री उशिरा केलेल्या व्यवहाराची तारीख अ‍ॅपमध्ये एक आणि उताऱ्यात पुढच्या दिवसाची असू शकते. म्हणून तारखेसोबत वेळही द्यावी. रक्कम पैशांसकट, उताऱ्यात आहे तशीच लिहावी. “साडेसात हजारांच्या आसपास” या शब्दांवर यादीत काहीच शोधता येत नाही. क्रमांक टाइप करण्यापेक्षा अ‍ॅपमधून कॉपी करावा, आणि टाइप करायचाच झाला तर इंग्रजी अंकांत. मराठीतले अंक चॅटच्या यंत्राला वाचता येतीलच असे नाही.

चॅटवर काय लिहायचे

पहिला मार्ग खरे तर ज्या अ‍ॅपने पैसे दिले त्याच अ‍ॅपमध्ये आहे. तो व्यवहार उघडला की तक्रार नोंदवण्याचे बटण असते. तिथून गेलेल्या तक्रारीला संदर्भ क्रमांक आपोआप जोडलेला असतो आणि ती यूपीआयच्या तक्रार यंत्रणेत जाते. मेव्हण्यांनी १२ तारखेला ते केले. पण पैसे खात्यातून गेले आहेत आणि खाते बँकेचे आहे. बँकेकडे वेगळी नोंद असणे पुढे उपयोगी पडते. म्हणून १३ जूनला, शुक्रवारी, ते बँकेच्या चॅटवर गेले.

चॅट उघडायचे ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करूनच. वेबसाइटच्या कोपऱ्यात असलेल्या खिडकीला आपण कोण हे माहीत नसते. अ‍ॅपच्या आत आपली ओळख पटलेली असते, त्यामुळे खाते क्रमांक सांगत बसावे लागत नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर तर कधीही जाऊ नये. फसवणारे लोक असे क्रमांक मुद्दाम पेरून ठेवतात, आणि पैसे अडकलेला, गोंधळलेला माणूस हेच त्यांचे गिऱ्हाईक.

पहिली उत्तरे यंत्राची येतात. “खालीलपैकी पर्याय निवडा.” त्यात ‘अयशस्वी व्यवहार’ किंवा ‘यूपीआय’ हा पर्याय निवडावा, आणि तयार उत्तरांतून काम होत नाही असे दिसले की प्रतिनिधीशी बोलायचे असल्याचे लिहावे. माणूस आला की तुकड्यातुकड्यांत संभाषण करायचे नाही. सगळे एका संदेशात द्यायचे. मेव्हण्यांनी पाठवलेला संदेश असा होता:

> ११ जून २०२५ रोजी सकाळी ११.४२ वाजता, शेवटचे चार आकडे ४४१७ असलेल्या माझ्या बचत खात्यातून दुकानाच्या क्यूआर कोडवर यूपीआयने ७,३५०.०० रुपये दिले. रक्कम खात्यातून वजा झाली, दुकानदाराला मिळाली नाही. यूपीआय संदर्भ क्रमांक 516216384027. अ‍ॅपमध्ये व्यवहार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. आज १३ जूनपर्यंत रक्कम परत आलेली नाही. कृपया तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.

यात राग नाही, पाल्हाळ नाही, आणि कर्मचाऱ्याने उलट विचारावा असा एकही प्रश्न उरलेला नाही. व्यवहार दुकानाशी होता हे त्यात आले आहे, कारण पुढची मुदत त्यावर ठरते. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. चॅटवर नुसते बोलणे झाले आणि क्रमांक मिळाला नाही, तर बँकेच्या दफ्तरी तक्रार झालेलीच नसते.

काय द्यायचे नाही तेही तितकेच ठरलेले आहे. पूर्ण कार्ड क्रमांक, त्यामागचा तीन आकडी सीव्हीव्ही, यूपीआय पिन, ओटीपी, पासवर्ड. अडकलेला व्यवहार शोधायला यांतले काहीही लागत नाही. हे मागणारा बँकेचा माणूस नाही असेच समजावे, चॅटच्या खिडकीवर बँकेचे चिन्ह असले तरीही. पैसे परत घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एखाद्या लिंकवर जावे लागत नाही, आणि दुसऱ्याला आपल्या फोनचा पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत नाही.

मेव्हण्यांना आलेले उत्तर नेहमीचे होते: “सर, आमच्याकडून व्यवहार यशस्वी दिसत आहे. आपण लाभार्थ्याशी संपर्क साधावा.” इथे बहुतेक लोक चॅट बंद करतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात. या वाक्याचा खरा अर्थ समजून घ्यायला हवा. “आमच्याकडून यशस्वी” म्हणजे आमच्या बँकेने वजा करण्याचे काम नीट केले, एवढेच. समोर जमा झाले की नाही, हे त्यात येत नाही. म्हणून मी त्यांना पुढचा प्रश्न लिहायला सांगितले: “लाभार्थीच्या बँकेने रक्कम जमा केल्याची पुष्टी तुमच्याकडे आली आहे का?” काही मिनिटांनी उत्तर आले की तशी पुष्टी दिसत नाही. मग तक्रार नोंदली गेली आणि क्रमांक मिळाला.

पुष्टी आली असती तर? तर प्रश्न बँकेचा राहिला नसता. रक्कम दुकानदाराच्या खात्यात असती आणि त्याचा स्पीकर फक्त बोलला नसता. नेटवर्क नसले की स्पीकर गप्प बसतो, पैसे मात्र जमा होतात. अशा वेळी दुकानदाराने स्पीकरवर विसंबू नये. त्या दिवसाच्या उताऱ्यात हा बारा आकडी क्रमांक शोधावा. तो तिथे असेल तर वाद संपला, आणि नसेल तर तोच उतारा ग्राहकाच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडता येतो.

चॅट संपण्यापूर्वी संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यावेत किंवा ते ईमेलवर मागवावे. अनेक चॅट बंद झाल्यावर पुन्हा उघडता येत नाहीत.

मुदत आणि रोजचे शंभर रुपये

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले आणि ते त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू झाले. फसलेल्या व्यवहाराची रक्कम किती दिवसांत परत यायला हवी, आणि न आल्यास भरपाई किती, हे त्यात प्रकारवार दिले आहे. व्यवहाराच्या कॅलेंडर तारखेला त्यात ‘टी’ म्हटले आहे.

यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली रक्कम खात्यातून गेली पण तिकडे जमा झाली नाही, तर ती टी अधिक १ दिवसापर्यंत उलटायला हवी, आणि हे काम लाभार्थीच्या बँकेचे आहे. रक्कम अडकते कुठे हे वर पाहिले, त्यावरून ही जबाबदारी तिच्यावर का टाकली ते लक्षात येईल. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची पुष्टी त्याच्याकडे पोचली नाही, तर मुदत टी अधिक ५ दिवस. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, तर तिथेही टी अधिक ५. या प्रत्येकात मुदत उलटल्यावर दर दिवशी १०० रुपये भरपाई आहे. ग्राहकाने मागायची वाट न पाहता ती बँकेने आपण होऊन द्यावी, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. अट एवढीच की व्यवहार ग्राहकाच्या चुकीने फसलेला नसावा.

आता हिशेब पाहा. मेव्हण्यांचा टी म्हणजे ११ जून. दुकानाचा व्यवहार म्हणून मुदत १६ जूनपर्यंत. चॅटवर त्यांना “७ ते १० कामकाजाचे दिवस लागतील” असे सांगितले गेले होते. हे बँकेच्या तयार उत्तरातले वाक्य. परिपत्रकातली मुदत त्याने लांबत नाही. १६ तारीख गेली. ७,३५० रुपये १९ जूनला खात्यात आले, आणि जमेच्या ओळीत तोच बारा आकडी क्रमांक होता. म्हणजे १७, १८ आणि १९ असे तीन दिवस उशीर, भरपाई ३०० रुपये. ती आपोआप आली नाही.

२० जूनला त्यांनी पहिलाच तक्रार क्रमांक देऊन पुन्हा लिहिले: व्यवहार ११ जूनचा, रक्कम १९ जूनला परत, रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार तीन दिवसांचे ३०० रुपये मिळावेत. पुढच्या आठवड्यात ते जमा झाले. तीनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. माझे मत उलट आहे. उशिराची किंमत मोजावी लागली, तरच पुढच्या वेळी ताळमेळ वेळेवर होतो. बँकेत आतून काम करताना मी हे पाहिले आहे.

प्रकार वेगळा, तर पहिले वाक्य वेगळे

सगळीच प्रकरणे अडकलेल्या व्यवहाराची नसतात. म्हणून तक्रारीचे पहिले वाक्य विचार करून लिहावे लागते, कारण त्यावरून तक्रार कुठल्या टेबलावर जायची ते ठरते.

दोनदा पैसे गेले असतील तर दोन वेगळे संदर्भ क्रमांक असतात, आणि दोन्ही द्यायला हवेत. दोन्ही रकमा दुकानदाराला पोचल्या असतील तर बँक त्याच्या खात्यातून त्या ओढून आणू शकत नाही. दुसरी रक्कम दुकानदारानेच परत करायची. आपल्या हाताने चुकीच्या माणसाला पैसे गेले असतील, तर तो व्यवहार यंत्रणेच्या दृष्टीने यशस्वीच असतो. तिथे बँक समोरच्या बँकेमार्फत विनंती करते, पण त्या माणसाच्या संमतीशिवाय रक्कम परत येत नाही. अशा वेळी “व्यवहार अयशस्वी” असे लिहिले तर तक्रार दोन दिवसांत बंद होऊन येते.

सर्वांत घाईचा प्रकार म्हणजे आपण न केलेला व्यवहार. तिथे पहिले वाक्य हेच हवे: “हा व्यवहार मी केलेला नाही.” त्या पाठोपाठ खात्याचे यूपीआय आणि कार्ड ताबडतोब बंद करण्याची मागणी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर सगळे सोडलेले आहे. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते. पण आपणच ओटीपी किंवा पिन कुणाला दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान आपल्यावर पडते. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून इथे चॅटवरच्या संदेशाची वेळ मिनिटासकट मोलाची आहे. अशा फसवणुकीत चॅटबरोबरच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. तिथेही पहिल्यांदा हेच तीन तपशील विचारतात: कधी, किती, संदर्भ क्रमांक काय.

बँकेने ऐकले नाही तर

तक्रार क्रमांक घेऊन वर जाण्याचा रस्ता आहे. बँकेने तक्रार फेटाळली, उत्तराने समाधान झाले नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही योजना देशभर एकच आहे. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदवता येते आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती हे दाखवावे लागते, आणि योजनेत वेळेची मर्यादा असल्याने बँकेच्या उत्तरानंतर रेंगाळूही नये.

लोकपालाकडे जाणारा कागदांचा गठ्ठा मोठा नसतो. व्यवहाराची ओळ असलेला उतारा, चॅटचे स्क्रीनशॉट, तक्रार क्रमांक, आणि असल्यास दुकानदाराची चिठ्ठी किंवा त्याचा उतारा. ज्यांनी चॅटवर फक्त राग व्यक्त केला होता, त्यांच्याकडे इथे दाखवायला काहीच नसते. फोनवर बोललेल्यांचेही तेच होते. लिहिलेले टिकते.

बँकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. संदर्भ क्रमांक टाकल्याबरोबर समोरच्या बँकेची पुष्टी आली आहे की नाही, हे ग्राहकाला सरळ दिसावे. “आमच्याकडून यशस्वी” हे अर्धे उत्तर देणे बंद व्हावे. आणि मुदत उलटली की शंभर रुपये रोज आपोआप जमा व्हावेत, कारण नियम तेच सांगतो. ज्याला परिपत्रकाची तारीख ठाऊक आहे त्यालाच भरपाई मिळणे हा न्याय नव्हे.

वाचकांना विनंती एवढीच. आज आपल्या फोनमधला कुठलाही एक जुना यूपीआय व्यवहार उघडा आणि त्यातला बारा आकडी क्रमांक कुठे आहे ते पाहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गावाकडच्या माणसांनाही तो दाखवा. पैसे अडकले की तारीख, वेळ, रक्कम आणि तो क्रमांक त्याच दिवशी कागदावर उतरवा, बँकेला एकाच संदेशात कळवा आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय चॅट बंद करू नका.